युनियनसोबतच्या समझोत्याचं टिपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारवाढीच्या करारांचे मसुदे लिहिण्यात आणि त्यावरून झालेली भांडणं निस्तरण्यात माझी बरीच वर्षं गेली. कारखान्यांतले एचआरवाले, युनियनचे सरचिटणीस आणि मधूनमधून एखादा कामगार जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. रोख महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर आहे. उदाहरणासाठी एकच प्रकरण शेवटपर्यंत वापरलं आहे: एमआयडीसीतला सुटे भाग बनवणारा कारखाना, साधारण १८० कायम कामगार. जुना करार ३१ मार्च २०२४ ला संपला आणि नव्यावर सह्या १८ जानेवारी २०२५ ला झाल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत, भांडणं मात्र खरी आहेत.

१. बैठकीचं इतिवृत्त आणि समझोत्याचं टिपण यात फरक काय? आमच्याकडे दोन्हींना "मिनिट्स"च म्हणतात.

इतिवृत्तात कोण काय बोललं ते असतं, समझोत्यात कोण काय करणार ते असतं. "युनियनने कँटीनच्या दराचा मुद्दा मांडला, व्यवस्थापनाने अडचणी सांगितल्या" हे इतिवृत्त झालं. "दि. १ फेब्रुवारी २०२५ पासून जेवणाच्या थाळीसाठी कामगाराकडून रु. १० घेतले जातील, उरलेला खर्च कंपनी करेल" हा समझोता.

घोटाळा होतो तो दोन्ही एकाच कागदावर आल्यावर. आमच्या कारखान्यात अकराव्या बैठकीच्या मिनिट्सवर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या आणि त्यात एक ओळ होती: "बस सुविधेबाबत तत्त्वतः सहमती." अंतिम करारात बसचा उल्लेखच नव्हता. सहा महिन्यांनी युनियनने ती मिनिट्स काढून दाखवली. ती सही खोटी नव्हती, त्यामुळे "तसं काही ठरलंच नव्हतं" असं व्यवस्थापनाला म्हणता येईना. तेव्हापासून प्रत्येक इतिवृत्ताच्या तळाशी मी एक वाक्य घालतो: "ही चर्चेची नोंद आहे, अंतिम समझोत्यावर सह्या होईपर्यंत यातील कोणताही मुद्दा मान्य झाला असे समजू नये." अंतिम टिपणातही त्याचा जोडीदार लागतो, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

२. हा करार नक्की कुणाकुणाला लागू होतो? आमच्या गेटवर दोन युनियनचे झेंडे आहेत.

करार कोणत्या वाटेने झाला त्यावर ते ठरतं. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये दोन वाटा होत्या. समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाची कार्यवाही चालू असताना झालेला समझोता कलम १८(३) प्रमाणे सगळ्या कामगारांवर बंधनकारक होता. दुसऱ्या युनियनचे सभासद, कोणत्याच युनियनमध्ये नसलेले आणि उद्या नोकरीला लागणारे, सगळे त्यात आले. टेबलावर बसून आपसात केलेला समझोता कलम १८(१) खाली येई आणि तो फक्त सही करणाऱ्या बाजूंवर बंधनकारक असे.

महाराष्ट्रात याला एक मोठा अपवाद होता. राज्याने १८(१) मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, मान्यताप्राप्त युनियन असेल तर आपसातला करार तिच्याशीच करायचा आणि तो सगळ्यांवर बंधनकारक धरायचा. बडतर्फी, निलंबन, कपात असे नोकरी जाण्याचे विषय मात्र त्यातून वगळलेले होते. प्रश्न ९ मध्ये हा मुद्दा पुन्हा येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. समेटातला आणि समेटाबाहेरचा करार हा फरक तिथेही आहे. वाटाघाटी कुणाशी करायच्या हे मात्र आता तिथल्या निकषांवर तपासावं लागतं. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे किमान ५१ टक्के कामगार सभासद असलेली युनियन ही वाटाघाटी युनियन. तेवढे कुणाकडेच नसतील तर २० टक्के किंवा जास्त सभासद असलेल्या युनियनची वाटाघाटी परिषद बनते.

टिपणात याचं काय करायचं? सही करणारी युनियन कोणत्या हक्काने सही करते आहे हे पहिल्याच पानावर लिहा: मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, किंवा समेट प्रकरणाचा क्रमांक. नुसतं "कामगारांच्या वतीने" लिहू नका. ते दोन शब्द वाचून दुसऱ्या युनियनचा वकील हसतो.

३. करार इंग्रजीत हवा की मराठीत?

कामगार वाचू शकतील त्या भाषेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठीत. मुख्यालयासाठी इंग्रजी प्रत लागते आणि मग दोन भाषांत दोन अर्थ निघतात. दोन प्रती करायच्याच असतील तर "अर्थाबाबत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरली जाईल" असं लिहा, किंवा उलट. पण दोन्हींपैकी एक ठरवाच. मूळ मसुदा इंग्रजीत आणि मराठी भाषांतर आदल्या रात्री, असं असेल तर मराठी प्रत ग्राह्य धरण्याचा हट्ट करू नका. मी एका भाषांतरात "कायम भत्ता" असं वाचलं आहे; मुळात तो ठरावीक रकमेचा, बदलता येणारा भत्ता होता.

४. "दरमहा रु. ३,००० वाढ" एवढं स्पष्ट लिहिलं तरी भांडण का होतं?

कारण त्या वाक्यात तीन हजार आहेत, पण ते कुठे मोजायचे ते नाही. आमच्या प्रकरणात तीन वर्षांसाठी एकूण ६,००० ठरले: पहिल्या वर्षी ३,०००, पुढची दोन वर्षं १,५००. व्यवस्थापनाच्या मनात कंपनीला पडणारा खर्च होता, युनियनच्या कमिटीच्या मनात ग्रॉस पगार आणि गेट मीटिंगमध्ये ऐकणाऱ्यांच्या मनात हातात पडणारी रक्कम.

आकड्यांत बघू. वाढीतला अर्धा भाग मूळ पगारात जातो आणि पीएफ प्रत्यक्ष मूळ पगारावर कापला जातो असं धरा. ३,००० हा कंपनीचा एकूण खर्च असेल तर ग्रॉस साधारण २,७६७ ने वाढतो. उरलेल्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १६६ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ६७ जाते. मग कामगाराच्या वाट्याचा पीएफ १६६ कापला की हातात पडतात २,६०१. घोषणा ३,००० ची आणि पावतीवर २,६०१: चारशे रुपयांचा हा फरक जाहीर झाला त्या दिवशी पाळी सुटल्यावर कुणी घरी गेलं नाही.

म्हणून रक्कम कधीही एकटी लिहू नका. कलमात हे सगळं यावं: वाढ ग्रॉसमध्ये आहे की एकूण खर्चात, ती मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे वगैरेंत कशी वाटली, पीएफ प्रत्यक्ष पगारावर की १५,००० च्या मर्यादेवर. शेवटी परिशिष्टात एका श्रेणीच्या कामगाराचं आधीचं आणि नंतरचं नमुना पगारपत्रक जोडा. त्या एका तक्त्याने जेवढी भांडणं टळतात तेवढी चार पानी व्याख्यांनीही टळत नाहीत.

एक गोष्ट विसरली जाते. वाढीमुळे पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेवर गेला तर कामगार चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत योजनेत राहतो, नंतर बाहेर पडतो. दवाखान्याची सोय गेली की "पगार वाढवून आमचं नुकसान केलं" ही तक्रार येणारच. पर्यायी मेडिक्लेम द्यायचा की नाही, ते करारातच ठरवून टाका.

५. थकबाकी म्हणजे एरिअर्स कुणाला द्यायचे? सगळ्यात जास्त तक्रारी यावरूनच येतात.

मलाही सर्वाधिक प्रश्न यावरच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या करारातलं मूळ वाक्य असं होतं: "पगारवाढ दि. १ एप्रिल २०२४ पासून लागू राहील व थकबाकी कार्यरत कामगारांना एकरकमी देण्यात येईल." एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, महिन्याला तीन हजार, म्हणजे माणशी २७,०००. इथवर सगळं सरळ होतं. मग "कार्यरत" या एका शब्दावर रांग लागली.

पहिले आले ३१ ऑगस्टला निवृत्त झालेले एक फिटर. सहीच्या दिवशी ते कार्यरत नव्हते, पण एप्रिल ते ऑगस्ट होते. त्यांचे पाच महिन्यांचे १५,००० होतात. कंपनीने ते द्यायचं ठरवलं, तेवढ्यात त्यांच्या मुलाने विचारलं, ग्रॅच्युइटीचं काय? हिशेब केला: वाढीतले १,५०० मूळ पगारात, नोकरी २८ वर्षं. १,५०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २८, म्हणजे २४,२३१ रुपये. थकबाकीपेक्षा ग्रॅच्युइटीचा फरकच मोठा. याबद्दल करारात एक अक्षर नव्हतं आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या.

दुसरा जुलैमध्ये कायम झालेला प्रशिक्षणार्थी होता. त्याला नऊ महिन्यांची द्यायची की सहा? तिसरा चाळीस दिवस बिनपगारी रजेवर होता. कपात करायची हे सगळ्यांना मान्य होतं, पण दिवसाचा दर २६ ने भागून काढायचा की ३० ने? ३,००० भागिले २६ म्हणजे ११५ रुपये ३८ पैसे, ३० ने भागलं तर १०० रुपये. चाळीस दिवसांना सहाशेहून जास्त फरक पडतो. चौथा मुद्दा ओव्हरटाइमचा: मागच्या नऊ महिन्यांत दुप्पट दराने दिलेला ओव्हरटाइम आता नव्या पगारावर पुन्हा मोजायचा का?

त्यानंतरच्या एका करारात आम्ही "कार्यरत" काढून टाकलं आणि असं लिहिलं, इथे तारखा मात्र समजायला सोपं जावं म्हणून याच प्रकरणाच्या ठेवल्या आहेत:

"दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात जो कायम कामगार पटावर होता त्याला, तो जेवढे दिवस पटावर होता तेवढ्या दिवसांची थकबाकी मिळेल, मग सहीच्या दिवशी तो सेवेत असो वा नसो. प्रशिक्षणार्थी कामगारास कायम झाल्याच्या तारखेपासून. बिनपगारी दिवसांची कपात महिन्याच्या रकमेला २६ ने भागून. या काळात निवृत्त किंवा मृत कामगाराची ग्रॅच्युइटी व रजेचा पगार सुधारित पगारावर पुन्हा काढला जाईल. ओव्हरटाइमचा फरक दिला जाणार नाही. थकबाकीतून पीएफची वजावट नियमाप्रमाणे होईल. रक्कम दि. ७ मार्च २०२५ पर्यंत खात्यात जमा होईल."

यातला ओव्हरटाइमचा मुद्दा युनियनने सहज सोडला असं समजू नका. त्याच्या बदल्यात ग्रॅच्युइटीचा फरक मिळाला. कायद्याने दुप्पट दर मिळायलाच हवा असं कुणी उद्या म्हणू शकतो, म्हणून अशी ओळ घालण्याआधी वकिलाला दाखवा. करार कायद्याच्या किमान पातळीखाली जाऊ शकत नाही. किमान वेतन किंवा बोनसचा कायद्याने मिळणारा हक्क दोघांनी सही करूनही सोडता येत नाही.

राहिले निलंबित कामगार. चौकशी चालू असलेल्यांची थकबाकी "चौकशीच्या अंतिम निर्णयानुसार" द्यावी हेच लिहिणं बरं. त्यांच्या निर्वाहभत्त्यावर वाढ लागू होते की नाही, तेही एका ओळीत लिहा.

६. "व्यवस्थापन सहानुभूतीपूर्वक विचार करेल" असं लिहून घेतलंय. याचा उपयोग होतो का?

हे वाक्य वाटाघाटी अडल्या की येतं, रात्री दहाच्या सुमारास. दोन्ही बाजूंना तेव्हा सुटल्यासारखं वाटतं. वर्षभराने युनियन म्हणते वचन दिलं होतं, व्यवस्थापन म्हणतं विचार केला आणि नाही म्हटलं. दोघंही खरं बोलत असतात.

मुद्दा खरंच पुढे ढकलायचा असेल तर ढकलण्याची पद्धत लिहा. आमच्याकडे अनुकंपा नोकरीबाबत असं केलं: "मृत कामगाराच्या एका पात्र वारसाचा अर्ज, दोन व्यवस्थापनाचे व दोन युनियनचे असे चार सदस्य असलेली समिती अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निकाली काढेल. नकार दिल्यास कारण लेखी कळवले जाईल. नोकरी देणे बंधनकारक नाही." शेवटचं वाक्य कमिटीला कडू लागलं, पण त्यामुळे पुढे कुणाची फसवणूक झाली नाही.

"शक्यतो", "लवकरात लवकर", "योग्य त्या प्रमाणात", "चालू पद्धतीप्रमाणे" हे सगळे याच घरातले. शेवटच्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

७. उत्पादकतेचं कलम कसं लिहावं? "उत्पादन १० टक्के वाढवण्यास युनियनने मान्यता दिली" असं आहे.

दहा टक्के कशाच्या? आमच्याकडे एका सीएनसी मशीनचं कागदावरचं नॉर्म पाळीला १०० नग होतं, पण मागच्या वर्षाची प्रत्यक्ष सरासरी ९२ होती. १०० वर दहा टक्के म्हणजे ११०. ९२ वर म्हणजे १०१. व्यवस्थापन ११० मागत होतं, कामगार १०१ देत होते आणि करार दोघांच्या बाजूने होता.

तीन गोष्टी लिहा. पायाचा आकडा: पार्ट नंबर आणि मशीनप्रमाणे परिशिष्टात, टक्क्यांत नाही तर नगांत. मोजण्याची पाळी: आठ तासांतून जेवण आणि चहाचे किती मिनिट वजा, सेटिंगचा वेळ आत की बाहेर. आणि कामगाराच्या हातात नसलेल्या गोष्टी: वीज गेली, माल आला नाही, टूल तुटलं, मशीन दुरुस्तीला गेलं, तर तो वेळ त्याच पाळीत सुपरवायझरच्या सहीने नोंदवायचा आणि नॉर्ममधून त्या प्रमाणात कमी करायचा. नोंद दुसऱ्या दिवशी केली तर चालणार नाही हेही लिहा. महिन्याच्या शेवटी आठवणीतून भरलेल्या डाउनटाइमच्या वह्या मी पाहिल्या आहेत. सगळ्या नोंदी एकाच पेनाने केलेल्या.

पगारवाढ आणि नॉर्म एकमेकांवर अवलंबून असतील तर तेही लिहा: "हा समझोता एकत्रित आहे, यातील एक भाग स्वीकारून दुसरा नाकारता येणार नाही." न्यायालयंही समझोत्याकडे याच नजरेने पाहतात. हर्बर्टसन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं की वाटाघाटीतून झालेला समझोता न्याय्य आहे का हे संपूर्ण पाहून ठरवायचं, त्यातला एखादा मुद्दा सुटा काढून तोलायचा नाही.

८. "पूर्वीच्या सर्व सवलती चालू राहतील" हे वाक्य सुरक्षित आहे ना?

युनियनसाठी वरवर सुरक्षित, प्रत्यक्षात दोघांसाठी अडचणीचं. कुठल्या सवलती? दिवाळीची मिठाई ही सवलत आहे का? एका वर्षी चांदीचं नाणं दिलं होतं, ते? संध्याकाळच्या पाळीला दहा मिनिटं लवकर सोडायची रीत?

करारावर सह्या करायच्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या दोन माणसांनी बसून यादी करावी. आमची यादी २३ ओळींची झाली. त्यापैकी चार गोष्टी कशा सुरू झाल्या हे कुणालाच सांगता आलं नाही. यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि कलमात लिहा: "परिशिष्ट ३ मधील सवलती चालू राहतील." प्रथेचा वाद त्या यादीबाहेर फारसा जात नाही.

९. "सर्व मागण्या निकाली निघाल्या" हे कलम युनियनने घालू द्यावं का?

घालावं, पण मागणीपत्रातल्या प्रत्येक मागणीसमोर उत्तर लिहून. आमच्या मागणीपत्रात ४२ मागण्या होत्या, करारात २६ वर कलमं होती. उरलेल्या १६ चं काय झालं हे करार सांगत नव्हता, "सर्व निकाली" मात्र म्हणत होता. युनियनच्या सभासदांना ती बातमी नोटीस बोर्डावर कळली.

सोपा उपाय म्हणजे तक्ता: मागणी क्रमांक, निकाल (मान्य, अंशतः मान्य, मागे घेतली, पुढे ढकलली) आणि कलम क्रमांक. "मागे घेतली" हे लिहायला कमिटीला धीर लागतो, पण नाही लिहिलं तर पुढच्या निवडणुकीत विरोधी पॅनेल तेच काढतं.

याच कलमात दोन मर्यादा टाका. पहिली: या करारापूर्वीची इतिवृत्तं, पत्रं आणि तोंडी आश्वासनं यातून कोणतीही बांधिलकी निर्माण होत नाही. दुसरी: एखाद्या कामगाराच्या बडतर्फीचं किंवा निलंबनाचं वैयक्तिक प्रकरण या कलमात येत नाही. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे हे विषय महाराष्ट्राच्या दुरुस्तीतच वगळलेले होते. बडतर्फ कामगार स्वतःचा वाद स्वतः उभा करू शकतो, तो युनियनच्या सहीने मिटत नाही. "कोर्टातील सर्व केसेस मागे घेण्यात येतील" असं लिहिलेला करार वाचून त्या कामगाराने केस मागे घेतली नाही, तर करार मोडला कुणी?

१०. मुदत संपली की करार संपतो का? दोन वर्षं उलटली तरी नवा होत नाहीये.

नाही, आपोआप संपत नाही. मुदत लिहिली नसेल तर सहीपासून सहा महिने धरली जाते. मुदत संपल्यावरही, संपुष्टात आणण्याची लेखी नोटीस देईपर्यंत करार चालू राहतो. नोटीस दिल्यावर १९४७ च्या कायद्यात दोन महिन्यांनी, नव्या संहितेत ६० दिवसांनी त्याचं बंधन सुटतं. कामगारांच्या बाजूने नोटीस देणारा पक्ष बहुसंख्यांचं प्रतिनिधित्व करणारा हवा.

म्हणून मुदतीच्या कलमात तीन तारखा असाव्यात: लागू होण्याची, संपण्याची आणि नवं मागणीपत्र देण्याची. तिसरी तारीख मुदत संपण्याच्या तीन महिने आधी ठेवली तर वाटाघाटी थकबाकीशिवाय संपण्याची निदान शक्यता असते. आमच्या प्रकरणात मागणीपत्र मे महिन्यात आलं. म्हणजे थकबाकीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून टेबलावर होता.

११. सह्या कुणाच्या लागतात?

कंपनीकडून अधिकारपत्र असलेल्या माणसाची, युनियनकडून घटनेने अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्यांची. एकट्या सरचिटणीसाच्या सहीवर थांबू नका. वाटाघाटी समितीतल्या सगळ्यांच्या घ्या. करार पुढे निवडणुकीत टिकतो तो यामुळे. आधी सर्वसाधारण सभेत मंजुरी घेतली असेल तर ठरावाची तारीख करारात लिहा. प्रत्येक पानावर आणि प्रत्येक परिशिष्टावर छोटी सही, खोडाखोड असेल तिथे दोन्ही बाजूंची. प्रती कामगार आयुक्तालयाच्या संबंधित कार्यालयाला पाठवून पोच घ्या.

१२. सही झाल्यावर आकडा चुकलेला सापडला. पेनाने दुरुस्त करू का?

नाही. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या वाढीत अंकांत "२,५००" आणि अक्षरांत "एक हजार पाचशे" छापलं गेलं. एचआरच्या माणसाने आपल्या प्रतीवर अंक खोडून नीट केला, युनियनच्या प्रतीवर तो तसाच राहिला. आता दोन वेगवेगळे करार होते.

पुरवणी टिपण करा: मूळ कराराची तारीख, कलम क्रमांक, चुकीचा मजकूर, बरोबर मजकूर, त्याच माणसांच्या सह्या, त्याच कार्यालयाला प्रत. मूळ करारातच "अंक व अक्षर यात फरक असल्यास अक्षरांतील रक्कम ग्राह्य" ही ओळ असली तर पुरवणीसाठी भांडावं लागत नाही.

१३. करार पाळलाच नाही तर?

पैशांचा मुद्दा असेल तर जुन्या कायद्याच्या कलम ३३-सी खाली वसुलीचा अर्ज करता येई; तशी तरतूद नव्या संहितेतही आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात (एमआरटीयू अँड पीयूएलपी) परिशिष्ट चारमधल्या नवव्या बाबीनुसार समझोत्याची अंमलबजावणी न करणं ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरते.

पण या दोन्ही वाटांवर पहिला प्रश्न एकच येतो: करारात नेमकं काय लिहिलंय? आमच्या निवृत्त फिटरला थकबाकीचे १५,००० लगेच मिळाले, कारण पाच महिने ते पटावर होते हे हजेरीवरूनच दिसत होतं. ग्रॅच्युइटीचे २४,२३१ मिळायला मात्र चौदा महिने लागले. सुधारित पगारावर ती पुन्हा काढायची की नाही, यावर करार गप्प होता.